3×3 मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू: सूत्र वापरावं, विस्तार करावा की ओळींशी खेळावं?

परीक्षेतल्या 3×3 मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू बहुतेकदा पूर्णांक असतात. त्या काढायचे तीन रस्ते एकाच उदाहरणावर चालून पाहू.

```
 6  -2   2
-2   3  -1
 2  -1   3
```

सूत्र. समीकरण λ³ − S₁λ² + S₂λ − S₃ = 0. S₁ म्हणजे मुख्य कर्णाची बेरीज, 6+3+3 = 12. S₂ म्हणजे कर्णावरच्या तीन मायनरांची बेरीज: (18−4) + (18−4) + (9−1) = 36. S₃ म्हणजे निश्चयक, तो 32 येतो. म्हणून λ³ − 12λ² + 36λ − 32 = 0.

पूर्णांक मूळ 32 चा विभाजकच असणार. λ ऋण धरला तर चारही पदं ऋण होतात, म्हणजे ऋण मूळ नाहीच. 1 ठेवून −7 येतात, 2 ठेवून शून्य. संश्लेषक भागाकाराने λ² − 10λ + 16 उरतं, त्याची मुळं 2 आणि 8. उत्तर 2, 2, 8.

इथे घात होतो तो S₂ मध्ये. (−2)(−2) हे +4 आहे आणि ते वजा करायचं आहे. घाईत कर्णाबाहेरचे तिन्ही गुणाकार मिळवले जातात आणि S₂ 54 होतो. मग 32 चा एकही विभाजक समीकरणात बसत नाही. मुळं पूर्णांक आहेत हे माहीत असेल, तर आकडे ठेवत बसू नका, आधी S₂ पुन्हा काढा. मुळांची बेरीज 12 आणि गुणाकार 32 हा ताळा करावाच, पण S₂ ची चूक एकट्या त्याने पकडली जाईल असं नाही.

थेट विस्तार. |A − λI| पहिल्या ओळीने उघडला की (6−λ)[(3−λ)²−1] + 2(2λ−4) + 2(2λ−4) मिळतं. बहुतेक जण इथे सगळे कंस गुणून टाकतात आणि चिन्हांत अडकतात. खरं तर चौकोनी कंस म्हणजे (2−λ)(4−λ), आणि उरलेल्या दोन पदांतही (2−λ) दडलेला आहे. तो बाहेर काढला की त्रिघाती समीकरण सोडवावंच लागत नाही.

ओळींची क्रिया. |A − λI| मध्ये तिसऱ्या ओळीत दुसरी मिळवा: 0, 2−λ, 2−λ. सामाईक (2−λ) बाहेर काढा, मग दुसऱ्या स्तंभातून तिसरा वजा करा. तिसऱ्या ओळीत 0, 0, 1 राहतं आणि काम (6−λ)(4−λ) − 8 वर येतं. ही सगळ्यात देखणी रीत, पण भरवशाची नाही: अशी जोडी प्रत्येक मॅट्रिक्समध्ये सापडत नाही. शिवाय क्रिया λ वजा केल्यानंतरच करायची. मूळ A वर केली तर आयगेन व्हॅल्यूच बदलू शकतात.

माझा कौल सूत्राला. त्याआधी दोन ओळींची बेरीज-वजाबाकी नजरेनेच करून पाहावी. काही जुळलं नाही तर लगेच S₁ लिहायला घ्यावा. थेट विस्तार मात्र मॅट्रिक्समध्ये दोन-तीन शून्यं असतील तेव्हाच.