इंकमध्ये चौकशीचा सीन लिहिला, काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

इंक म्हणजे इंकल या स्टुडिओची गोष्टी लिहायची स्क्रिप्ट भाषा, 2016 पासून ओपन सोर्स आहे, आणि इंकी हा तिचा एडिटर. डावीकडे लिहायचं, उजवीकडे लगेच खेळून बघायचं. बरेच महिने यातच एक डिटेक्टिव्ह गेम लिहितोय, इंदूरमधल्या राजवाड्याजवळच्या वाड्यातून आजीच्या पाटल्या चोरीला जातात, महिना मे. संशयित तीन, भाचा सुहास, भाडेकरू आणि हिशेब बघणारे मुनीमजी. बाकी फीचर सगळीकडे वाचायला मिळतील, मी फक्त चौकशीच्या सीनबद्दल लिहितो कारण इंकची खरी परीक्षा तिथेच होते.

सुरुवातीला वाटतं की एक तक्ता करू, आडवे संशयित उभे पुरावे, प्रत्येक चौकटीत एक उत्तर. तेवढ्याने सीन मेलेला वाटतो, कारण पुरावा दाखवला की आपल्याला काय माहीत आहे हे समोरच्याला कळतं, आणि तो पुढचं खोटं त्यात बसवूनच बोलतो. खऱ्या चौकशीवरही यावर संशोधन झालंय, हार्टविग आणि ग्रानहाग यांनी मांडलेली पद्धत हीच की पुरावा हातचा राखून ठेवा, आधी त्याला स्वतःहून बोलू द्या, मग काढा. गेममध्ये हे आणायचं तर पुरावा कोणता याच्याइतकंच महत्त्वाचं हे की तो दाखवायच्या आधी संशयित काय बोलून बसलाय.

सुहासचंच घ्या. हातात एक फोटो आहे, गुरुवारी संध्याकाळी पाचला तो सराफ्यात दिसतोय. खेळणाऱ्याने आधी "गुरुवारी कुठे होतास" विचारलं तर तो म्हणतो उज्जैनला, आणि मग फोटो काढला की अडकतो. थेट फोटोच दाखवला तर त्याला उज्जैनचं खोटं बोलायची गरजच पडत नाही, तो आरामात सांगतो की हो, होतो ना, गराडू खायला गेलो होतो. इंकमध्ये ते असं:

```
LIST Purave = photo, pavti, chavi
VAR suhas_la = ()
VAR ujjain_mhanala = false

=== suhas_photo ===
~ suhas_la += photo
{ ujjain_mhanala:
    "मी... मी उज्जैनहून लवकर परत आलो होतो."
- else:
    "हो, होतो ना सराफ्यात. गराडू खायला."
}
-> suhas_prashna
```

`suhas_la` मध्ये त्याला काय दाखवलंय ते राहतं, `suhas_la ? photo` लिहिलं की आहे का नाही ते कळतं. प्रत्येक संशयिताची अशी वेगळी यादी ठेवा, नाहीतर मुनीमजींना दाखवलेला फोटो सुहासनेही पाहिला असं धरून तो बोलायला लागतो.

आता गराडूचं उत्तर चुकवाचुकवीचं वाटतं पण दुसरा सापळा त्यातच आहे. सराफ्यात दिवसा सोन्याची दुकानं चालतात, ती बंद झाली की खाण्याच्या गाड्या लागतात, मग पाचला कसलं खाणं. आणि गराडू तर थंडीतला पदार्थ, मे महिन्यात कुठला! इंदूरचा माणूस लगेच पकडतो, पण पुण्याच्या मैत्रिणीला दिलं तर तिला काहीच खटकलं नाही, म्हणून भाडेकरूच्या गप्पांमध्ये "थंडी संपली की गराडू गेलं" असं एक वाक्य आधी पेरलं. बाहेरच्या माहितीवर कोडं सुटू नये, त्याचा धागा गेममध्येच मिळायला हवा. मग सोनं तोलल्याची पावती, त्याच गुरुवारची, साडेपाचची. उज्जैनवाला सुहास पावती बघून गप्प होतो, गराडूवाला म्हणतो मित्राचं सोनं होतं. एकच पावती, दोन माणसं वाटतात.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पुराव्यांचे क्रम मोजावे लागत नाहीत. पाच पुरावे म्हणजे 120 क्रम, कोण लिहिणार? त्याऐवजी सुहास दोनच गोष्टींवर अडून बसतो, उज्जैन किंवा सराफा, आणि प्रत्येक पुरावा त्यातल्या कशाला धक्का देतो एवढंच लिहायचं.

त्रासाची जागा एकच पण मोठी. एखादी अट लिहायची राहिली तर इंकी काहीच बोलत नाही, तो तुकडा रिकामा छापून पुढे जातो. पुढे जायचा बाण राहिला तर निदान कंटेंट संपल्याची एरर येते, इथे तीही नाही. खेळताना पुरावा दाखवला आणि समोरचा काहीच न बोलता पुन्हा प्रश्नांची यादी आली तर समजायचं की तिथे भोक आहे. म्हणून मी प्रत्येक ब्लॉकला `else` देतोच, आणि त्यात त्या माणसाच्या स्वभावाचं उत्तर. मुनीमजींना चावी दाखवली, जिचा त्यांच्याशी संबंध नाही, तर ते म्हणतात "कुलपाचं मला काय विचारता भाऊ, मी वह्या बघतो". "मला माहीत नाही" सगळ्यांच्या तोंडी एकसारखं आलं की खेळणारा पुरावे दाखवणंच सोडतो.

देवनागरी इंकीत व्यवस्थित दिसते, वेब एक्सपोर्टमध्ये जोडाक्षरंही ब्राउझर नीट जुळवतो. व्हेरिएबलची नावं मी रोमनमध्येच ठेवली. तीन-चार संशयितांपर्यंत हे मजेत चालतं, दहा-बारा असतील तर कोणाला काय दाखवलं याचा तक्ता बाहेर वेगळ्या शीटमध्ये ठेवावाच लागेल.