एकवीस वर्षांच्या विलंबाचा ‘दंड’ : विवाह नोंदणीत झालेली आमची फसवणूक

आमचे लग्न 12 मे 2003 रोजी सातारा जिल्ह्यातील माझ्या माहेरच्या गावी झाले. त्या काळी आमच्याकडे लग्न लागले, वऱ्हाड जेवले आणि वरात निघाली की विषय संपत असे. नोंदणी नावाचा काही प्रकार असतो याची आठवण घरात कुणी काढली नाही, आणि पुढची एकवीस वर्षे तिच्यावाचून काही अडलेही नाही. 2024 मध्ये माझ्या पतींना कंपनीतर्फे दोन वर्षांसाठी परदेशी जायचे ठरले आणि माझ्या व्हिसाच्या कागदपत्रांत विवाह प्रमाणपत्र मागितले गेले. तेव्हा आम्ही प्रथमच महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाची पायरी चढलो. खिडकीवरील कर्मचारी जेवणाच्या सुट्टीत होते. समोरच्या झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानात ‘विवाह नोंदणीची कामे केली जातात’ अशी पाटी दिसली, म्हणून वेळ घालवायला आम्ही तिथे चौकशी केली. पुढचे सगळे त्या अर्ध्या तासातच ठरले.

दुकानात बसलेल्या गृहस्थांनी अतिशय शांतपणे सगळे समजावून सांगितले. “ताई, नव्वद दिवसांत नोंद केली असती तर काहीच नव्हतं. आता एकवीस वर्षं झाली. वर्षाला पाचशे रुपये दंड बसतो.” त्यांनी कॅल्क्युलेटरवर एकवीस गुणिले पाचशे करून 10,500 हा आकडा आमच्यासमोर धरला. त्यात प्रतिज्ञापत्राचे 1,500, मुद्रांकाचे 500 आणि तीन साक्षीदारांच्या ‘सोयीचे’ 1,500 मिळवले आणि एकूण 14,000 रुपये सांगितले. शिवाय कार्यालयात सरळ गेलात तर तीस दिवसांची नोटीस फलकावर लागेल आणि व्हिसाची तारीख निघून जाईल, अशी भीतीही घातली. हिशोब इतका नेटका मांडला होता की त्याच्या मुळाशी असलेला नियम खरा आहे का, हे विचारावेसे आम्हाला वाटलेच नाही.

नियम असा आहे, हे मला चार महिन्यांनी कळले. महाराष्ट्रात पारंपरिक विधींनी झालेल्या विवाहाची नोंद ‘महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, 1998’ या कायद्याखाली होते. त्यात उशिरासाठी वर्षागणिक वाढत जाणारा दंड नाही. शुल्काचे टप्पे आहेत : नव्वद दिवसांच्या आत 50 रुपये, त्यानंतर वर्षाच्या आत 100 आणि वर्ष उलटल्यावर 200. लग्नाला दीड वर्ष झालेले असो की पस्तीस, शेवटचा टप्पा तोच. नमुना ‘ड’ मधील अर्जावर 100 रुपयांचे न्यायालयीन शुल्काचे तिकीट लागते, ते वेगळे. तीस दिवसांची नोटीस ही 1954 च्या विशेष विवाह कायद्यातील आहे. तो मार्ग वेगळा, त्याचे विवाह अधिकारी वेगळे, आणि सप्तपदी होऊन पार पडलेल्या आमच्या लग्नाच्या नोंदणीला तिची गरजच नव्हती. थोडक्यात, त्या गृहस्थांनी एका कायद्यातील भीती काढून दुसऱ्या कायद्याच्या कामाला लावली होती.

आम्ही 4,000 रुपये मोबाइलवरून पाठवले आणि उरलेले 10,000 रोख दिले. रोखीचीच त्यांची अट होती, कारण ‘दंडाची रक्कम आत रोखच भरावी लागते’. लग्नपत्रिका आणि लग्नातील फोटो माहेरी होते, ते आणायला दोन दिवस मागितले तर ते म्हणाले, “काही गरज नाही, तुमचे पासपोर्ट साइज फोटो द्या, बाकी मी बघतो.” आणि त्यांनी तीन कोरे मुद्रांक कागद पुढे करून त्यांच्या तळाशी आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या. मजकूर नंतर टाइप करू, आत्ता लाइट नाही, असे कारण होते. लाइट खरोखरच गेलेली होती, म्हणून आम्हाला शंका आली नाही.

बारा दिवसांनी एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स, एक फोटो आणि ‘विलंब दंड पावती’ असा संच मिळाला. प्रमाणपत्रावर गोल शिक्का होता, निळ्या शाईची सही होती. आम्ही फक्त नावे बरोबर आहेत ना एवढे पाहिले आणि फोल्डर कपाटात ठेवले.

डिसेंबरमध्ये राज्य शासनाच्या साक्षांकनाच्या टप्प्यावर ते प्रमाणपत्र पडताळणीसाठी निबंधकांकडे गेले आणि ‘अशी नोंद आढळत नाही’ असा शेरा घेऊन परत आले. मी ते घेऊन थेट विवाह निबंधकांसमोर बसले. त्यांनी आवाज न चढवता त्यावरच्या तीन जागा दाखवल्या. खऱ्या प्रमाणपत्रात, म्हणजे नमुना ‘इ’ मध्ये, नोंदवहीचा खंड क्रमांक आणि त्या खंडातील अनुक्रमांक असे दोन आकडे असतात; आमच्या कागदावर नुसता एकच क्रमांक होता आणि खंडाची जागा रिकामी होती. विवाहाचे ठिकाण म्हणून शहरातील एक मंदिर टाकले होते, जिथे आम्ही आयुष्यात कधी गेलो नव्हतो. आणि नोंदणीची तारीख होती 11 ऑगस्ट 2024. निबंधकांनी टेबलावरची दिनदर्शिका उलटी फिरवून माझ्यापुढे ठेवली. तो रविवार होता.

घरी येऊन मी तो संच पहिल्यांदा नीट वाचला. वाचताना राग आपल्याच बुद्धीचा येत होता. ‘दंड पावती’ साध्या कागदावर छापलेली होती. तिला ना पावती पुस्तकाचा क्रमांक, ना लेखाशीर्ष. फोटो तर बघण्यासारखा होता. हार घातलेल्या कुठल्या तरी जोडप्याच्या धडांवर आमच्या पासपोर्ट फोटोंतील चेहरे बसवले होते. त्या ‘2003 मधील’ नवरीच्या डोळ्यांवर चष्मा होता. मला चष्मा लागला 2015 साली, आणि तोच, सोनेरी काड्यांचा, आजही माझ्या नाकावर आहे. प्रतिज्ञापत्रात त्या मंदिरात आमचे लग्न झाल्याचे आम्हीच शपथेवर सांगत होतो आणि खाली आमच्या खऱ्या सह्या होत्या. खोट्या मजकुराचे प्रतिज्ञापत्र करणे हा गुन्हा आहे. आम्ही मजकूर न वाचता सह्या दिल्या होत्या, हे सिद्ध करणे आता आमच्यावर आले होते.

यानंतर आम्ही हेच काम स्वतः केले, आणि ते किती साधे होते हे सांगितल्याशिवाय फसवणुकीचा आकार कळणार नाही. पती किंवा पत्नीचे वास्तव्य ज्या हद्दीत आहे, किंवा लग्न ज्या हद्दीत लागले, तेथील निबंधकांकडे अर्ज करता येतो; गावात हे काम ग्रामपंचायतीत होते. आम्ही राहत्या पत्त्यावरून महापालिकेतच अर्ज केला. आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत लग्नपत्रिका सापडली, एका कोपऱ्याला हळदीचा डाग असलेली, शके 1925 छापलेली. अल्बममधून अंतरपाट दूर झाल्यानंतरचा, दोघांचे चेहरे स्पष्ट दिसणारा एक फोटो काढला. तो चिकट पानावरून सोलताना थोडा दुमडला, पण कार्यालयाला त्याचे काही वाटले नाही. नवे दिसणारे फोटो त्यांना नकोच असतात. लग्नविधी दिसावा एवढीच अपेक्षा असते. वयासाठी दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले जोडले, कारण विवाहाच्या दिवशी वराला 21 आणि वधूला 18 वर्षे पूर्ण होती हे दिसावे लागते.

खरे काम प्रतिज्ञापत्राचे होते, म्हणून त्यात काय असावे ते सविस्तर लिहिते. त्यात माझे माहेरचे नाव आणि लग्नात बदललेले नाव अशी दोन्ही नावे आली. विवाहाची तारीख, गाव, तालुका व जिल्हा आला. विधी वैदिक पद्धतीने झाल्याचे, त्या वेळी दोघेही अविवाहित असल्याचे आणि या विवाहाची अन्यत्र नोंद केलेली नसल्याचे विधान आले. उशिराचे कारण आम्ही एका ओळीत, जसे होते तसे लिहिले : नोंदणीची माहिती नव्हती. यापेक्षा मोठे कारण रचावे लागत नाही. अर्जात लग्न लावणाऱ्या पुरोहितांच्या सहीची जागा असते. आमचे गुरुजी 2011 मध्ये वारले, म्हणून तसे वेगळे वाक्य घातले. मजकूर टाइप करून, वाचून, मगच नोटरींसमोर सह्या केल्या. शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क 2004 पासून माफ आहे, हेही तेव्हा समजले.

साक्षीदार मात्र भाड्याने मिळण्याची गोष्ट नाही. पती, पत्नी आणि तीन साक्षीदार अशा पाच जणांनी निबंधकांसमोर स्वतः हजर राहून सह्या करायच्या असतात. माझे मामा, मोठ्या जाऊबाई आणि लग्नाला आलेले यजमानांचे एक जुने मित्र आले. निबंधकांनी मामांना विचारले, “लग्नाला तुम्ही होतात ना?” मामा म्हणाले, “मुलीच्या मागे उभा मीच होतो साहेब, फोटोत बघा, फेटा माझाच आहे.” फोटोत मामांचा खरोखर फक्त फेटाच आला आहे. ‘तुम्हाला यायची गरज नाही, सह्या मी करून आणतो’ असे कुणी म्हणाला, तर नोंदवहीत तुमची नोंद होणार नाही हे तिथेच समजावे. आमचे 200 रुपये शुल्क, 100 रुपयांचे तिकीट आणि नोटरींची फी एवढाच खर्च झाला, आणि आठवड्याभरात खंड व अनुक्रमांक असलेले प्रमाणपत्र हातात आले. घेण्यापूर्वी मी नोंदवहीतील ओळ पाहण्याची विनंती केली. कर्मचाऱ्याने ती दाखवली, आणि आमच्या सह्या तिथे होत्या.

पोलिसांत आम्ही लेखी तक्रार दिली आहे. रोख 10,000 रुपयांचा काहीच पुरावा नाही. मोबाइलवरून गेलेले 4,000 रुपये त्या गृहस्थांच्या नव्हे, दुसऱ्याच एका नावाच्या खात्यात गेले होते, आणि तपासाचा धागा सध्या तेवढाच आहे. व्हिसाचा अर्ज दोन महिने लांबला. यजमान पुढे गेले, मी मागून गेले. तक्रारीत आम्ही सह्या केलेल्या कोऱ्या मुद्रांक कागदांचा आवर्जून उल्लेख केला, कारण मुद्रांक विक्रेत्याच्या नोंदवहीत ते आमच्या नावावर चढलेले आहेत. तीनपैकी एकावर ते खोटे प्रतिज्ञापत्र झाले, एक पोलिसांना दुकानात सापडला. तिसरा अजून मिळालेला नाही.