ऑनलाइन विक्री: नोंदणीशिवाय करावी की जीएसटी घेऊन?

ऑनलाइन बाजारपेठेवर माल विकायचा म्हटला की नव्या विक्रेत्याला पहिली धास्ती बसते ती टीसीएसची, म्हणजे विक्रीचे पैसे देण्याआधी बाजारपेठ जो जीएसटी कापून सरकारकडे भरते त्याची. "माझ्या पैशातून आधीच कर कापणार" या एका वाक्यामुळे कित्येक जण जीएसटी नोंदणी टाळतात. निर्णय घ्यायला हे कारण चुकीचं आहे. का, ते एका वस्तूच्या हिशोबातून पाहू.

समजा तुम्ही महाराष्ट्रातून ग्राहकाला 1,180 रुपयांना एक वस्तू विकता. त्यावर जीएसटी 18 टक्के आहे. खरेदी 500 रुपये अधिक 90 रुपये कर, आणि बाजारपेठेचं कमिशन 150 रुपये अधिक 27 रुपये कर.

नोंदणी असेल तर 1,180 मधले 180 रुपये सरकारचे. खरेदी आणि कमिशनवर भरलेले 117 रुपये तुम्हाला इनपुट क्रेडिट म्हणून मिळतात, म्हणजे खिशातून भरायचे 63 रुपये. हातात उरतात 350. टीसीएस करपात्र किमतीवर 0.5 टक्का, म्हणजे 1,000 रुपयांवर 5 रुपये. (10 जुलै 2024 च्या आधी हा दर 1 टक्का होता.) हे 5 रुपये खर्चात धरू नका. ते तुमच्या जीएसटी खात्याच्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे रोख शिल्लकेत, येतात आणि त्या 63 रुपयांतूनच वळते होतात.

नोंदणी नसेल तर 1,180 मधून 590 आणि 177 गेले, उरले 413. इथे टीसीएस कापलाच जात नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून ही वाट खुली झाली आहे. जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक घ्यायचा आणि नोंदणीच्या उलाढाल मर्यादेत राहायचं. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्यांसाठी ती वर्षाला 40 लाख रुपये आहे. अट एकच, पण मोठी: माल फक्त आपल्याच राज्यात विकायचा.

म्हणजे नोंदणी न घेतल्याने एका वस्तूमागे 63 रुपये जास्त सुटतात. राज्यातल्या 100 ऑर्डरींमागे 6,300. नोंदणीकृत विक्रेत्याला ही तूट भरून काढायला 350 रुपये नफ्याच्या 18 जादा ऑर्डरी लागतात. विवरणपत्र भरणाऱ्याची फी धरून आणखी काही. राज्याबाहेरून एवढी मागणी येईल असं वाटत असेल तर नोंदणी घ्या. नसेल तर राज्यातच सुरुवात करा. तुमच्या वस्तूचे आकडे घालून हीच बेरीज करा. घरीच बनवलेल्या मालात खरेदी कमी आणि मेहनत जास्त असते, तिथे फरक 63 पेक्षा बराच मोठा निघतो. कंपोझिशन योजना, म्हणजे छोट्या व्यापाऱ्याने उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरायचा, ही मधली वाट. पण तिथेही विक्री राज्यातच, शिवाय टीसीएस कापला जातो आणि इनपुट क्रेडिट नाही. ऑनलाइन छोट्या विक्रेत्याला ती मला क्वचितच फायद्याची वाटते.

टीसीएसचा खरा त्रास वेगळाच आहे. बाजारपेठ महिन्याच्या विक्रीतून परत आलेला माल वजा करून पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत GSTR-8 हे टीसीएसचं विवरणपत्र भरते. त्यानंतर पोर्टलवर "TDS and TCS Credit Received" मध्ये जाऊन ती नोंद तुम्हीच स्वीकारावी लागते. स्वीकारली नाही तर पैसे लेजरमध्ये येत नाहीत, आणि कापून तर गेलेले असतात. सणाआधी भरपूर माल भरलात तर इनपुट क्रेडिटनेच सगळा कर फिटतो आणि टीसीएसची रक्कम लेजरमध्ये पडून राहते. ती मागता येते, पण त्यासाठी परताव्याचा अर्ज करावा लागतो. बाजारपेठेचा आकडा आणि तुमच्या GSTR-1 या विक्रीच्या विवरणपत्रातला आकडा जुळत नसेल तर बहुधा परत आलेला माल दोघांनी वेगवेगळ्या महिन्यांत धरलेला असतो. आधी तिथे पाहा.

आयकराचा टीडीएस वेगळा. तो 1 ऑक्टोबर 2024 पासून 0.1 टक्का आहे आणि विवरणपत्रात वळता होतो. वैयक्तिक विक्रेत्याने पॅन किंवा आधार दिला असेल आणि त्या बाजारपेठेवरची वर्षाची विक्री 5 लाखांच्या आत असेल, तर तो कापतच नाहीत.

मग 5 रुपयांसाठी सरकार एवढा खटाटोप का करतं? ग्राहकाचा पैसा विक्रेत्याच्या आधी बाजारपेठेच्या हातात येतो. लाखो विक्रेत्यांच्या मागे लागण्यापेक्षा मोजक्या मोठ्या कंपन्यांना जबाबदार धरणं सोपं, आणि त्यांनी रक्कम वेळेत भरली नाही तर व्याज त्यांच्यावरच बसतं. पण माझ्या मते खरी किंमत माहितीला आहे. कापलेल्या प्रत्येक रुपयासोबत कोणी किती विकलं याची नोंद जाते. म्हणून दर निम्मा झाला, तरी कपात बंद झाली नाही. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून एक पैसा कापत नाहीत, तरीही त्याच्या विक्रीचा तपशील बाजारपेठेला GSTR-8 मध्ये द्यावाच लागतो. तेव्हा "नोंदणी नाही, म्हणजे कुणाला कळणार नाही" या हिशोबाने ती वाट धरू नका. 40 लाखांची मर्यादा ओलांडली, तर ती नोंद पोर्टलवर आधीच असेल.