रूममेटला निरोपाची भेट: फोटो, गोधडी की पिनचं घड्याळ?

ब्रह्मपुरीला जीएनएम करताना आम्ही दोघी तीन वर्षं एकाच खोलीत राहिलो. शेवटची परीक्षा झाली आणि तिला एटापल्ली तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी नोकरी लागली. माझ्या हातात स्टायपेंडमधले उरलेले नऊशे रुपये होते आणि दिवस अठरा. त्या अठरा दिवसांत मी तीन वस्तूंपाशी घुटमळले. यंदा तुमचीही रूममेट ड्युटीवर निघाली असेल, तर माझा घोळ तुमच्या कामी येईल.

पहिली वस्तू फोटोंची फ्रेम. सगळ्याच मुली देतात. लॅबवाला तीस-चाळीस फोटो एकाच कागदावर बसवून देतो, समारंभात सगळ्यांसमोर उघडली की टाळ्या पडतात. अडचण पुढे सुरू होते. काचेची ती फ्रेम एसटीत मांडीवर घेऊन न्यायची, भाड्याच्या खोलीत घरमालक खिळा ठोकू देत नाही, म्हणून ती पलंगाखाली जाते. आमच्या एका सिनियर ताईच्या फ्रेमला एका पावसाळ्यातच ओल लागली आणि फोटो काचेला चिकटला. सोडवायला गेली तर दोघींचे चेहरे काचेवरच राहिले. काच आणि फोटो यांच्यात जाड कागदाची चौकट घातली असती तर मध्ये हवा राहिली असती. पण ती मागून घ्यावी लागते, लॅबवाला आपणहून घालत नाही.

फोटोच द्यायचे असतील तर लहान अल्बम बरा. हातात मावणारे चाळीस प्रिंट घ्या, तेही लॅबच्या फोटो कागदावर. झेरॉक्सच्या दुकानातल्या साध्या रंगीत प्रिंटरवरचे फोटो ओला हात लागला की ओघळतात. मागे बॉलपेननं लिहू नका. शाई वाळत नाही आणि दाबाचे वळ पुढच्या बाजूला उमटतात. बारीक टोकाच्या मार्करनं कडेला लिहायचं. सगळे फोटो मोबाईलमध्ये आहेतच की, असं मीही म्हणायचे. मग दुसऱ्या वर्षी तिचा मोबाईल वडसा स्टेशनवर चोरीला गेला आणि पहिल्या वर्षाचा एकही फोटो उरला नाही.

दुसरी वस्तू गोधडी, आणि खरं सांगायचं तर माझं मन तिथंच अडकलं होतं. दोघींच्या चादरी, तिची फाटकी ओढणी, माझ्या आईचं जुनं लुगडं, सगळं एकत्र शिवून द्यायचं. धानाच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो, त्यामुळे वापराची शंकाच नव्हती. युनिफॉर्मचं कापडही त्यात घालायचं होतं, पण आईनं ते बाजूला काढलं. टेरिकॉट घाम शोषत नाही आणि धुतल्यावर सुती कापड आवळतं तसं ते आवळत नाही, म्हणून टाक्यांच्या मध्ये फुगे येतात. घालायचंच असेल तर वरच्या थरावर एखादं ठिगळ, बस.

गोधडी हरली ती दिवसांच्या हिशोबात. चार-पाच थरांची, एका माणसाची गोधडी हातानं घालायची तर घरकाम सांभाळून शिवणाऱ्या बाईला तीन आठवडे सहज लागतात. माझ्याकडे अठरा दिवस होते आणि त्यात रोवणी सुरू झालेली. त्या दिवसांत कोणाच्या आईला सुई हातात घ्यायला फुरसत असते? मशीनवर दोन दिवसांत होते, पण तिचे टाके लांब सरळ रेघेत जातात आणि झिजलेलं कापड त्याच रेघेवर फाटतं. शिवाय भिजलेली गोधडी एकटीनं पिळून होत नाही. ती तिकडे एकटीच राहणार होती.

तिसरी वस्तू घड्याळ, म्हणजे छातीवर पिननं लावायचं, उलटं लटकणारं. आपण मान खाली घातली की आकडे सरळ दिसतात. मनगटी घड्याळ का नको, हे प्रसूतिगृहात काम केलेल्या मुलीला सांगावं लागत नाही. कोपराखालचा हात मोकळा ठेवून धुवायचा असतो, पट्ट्याखाली घाण राहते. मोबाईलवर वेळ बघायची तर हातमोजे काढा, आणि ऐन वेळी स्क्रीन बंद. सलाईनचंच बघा. ५०० मिली बाटली चार तासांत द्यायची आहे आणि सेटवर एका मिलीला २० थेंब असं छापलंय. ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२. पंधरा सेकंदांत दहा-अकरा थेंब पडतात की नाही, हे बघायला नजर थेंबावर आणि काट्यावर एकाच वेळी हवी. बाळाचा श्वास तर पूर्ण मिनिटभर मोजावा लागतो. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचा ५० किंवा त्याहून जास्त भरला की तो जलद धरतात. अशा वेळी अडखळणारा काटा नको.

माझं पहिलं घड्याळ नेमकं तसंच निघालं. ऑनलाईन मागवलेलं, अडीचशे रुपयांचं, दिसायला गोंडस. मोबाईलचं स्टॉपवॉच लावून शेजारी ठेवलं. आडवं ठेवलं तर बरोबर, पण पिनला लटकवलं की सेकंद काटा वर चढताना एकाच जागी थरथरायचा. घड्याळ वापरताना लटकलेलंच असणार, म्हणून तपासायचं ते लटकवून, निदान पाच मिनिटं. ते परत केलं आणि चंद्रपूरहून साडेपाचशेचं आणलं. पांढरी तबकडी, काळे आकडे, साठ रेघा वेगवेगळ्या दिसणाऱ्या, अंधारात चमकणारे काटे आणि पुसता येईल असं रबरी कव्हर. पावसाळ्यात तिकडे लाईट जाते, म्हणून चमकणाऱ्या काट्यांवर मी अडून बसले. दुकानदाराकडून ६२६ नंबरचे दोन जादा सेल घेतले आणि मागचं झाकण कसं उघडायचं तेही बघून घेतलं, कारण तिच्या गावात घड्याळजी नाही.

आठवणीचं काय, असं तुम्ही म्हणाल. पहिल्या वर्षी आमच्या खोलीत एकच भिंतीवरचं घड्याळ होतं, टिकटिक करणारं. रात्री ती माझं मनगट धरायची, मी तिचं, आणि नाडी मोजायचो. तिची ७६ आली की माझी ८०, रोज त्यावर भांडण. ही गोष्ट मी चिठ्ठीत चार ओळींत लिहिली आणि डबीत घड्याळाखाली ठेवली. घड्याळाच्या पाठीवर नाव कोरून घ्यायचा मोह झाला होता, पण भांड्यावर नाव घालणारा म्हणाला, "मशीन थरथरते ताई, आतलं बिघडन." मग चहाचा गंज त्याच्यापुढे ठेवला. दोघींनी वर्गणी काढून घेतलेला, वॉर्डनपासून लपवून हीटरवर ठेवला जाणारा, बूड काळं झालेलं. त्याच्यावर दोघींची नावं आणि दोन सालं. जुन्या भांड्यावर तो अक्षरामागे पैसे घेतो, त्यामुळे आडनावं गाळली.

तुमची रूममेट घरीच राहून जवळच्या दवाखान्यात जाणार असेल आणि हातात महिना-दीड महिना असेल, तर मी आजही गोधडी सांगेन, हातानं घातलेली. ती पुढे शिकायला शहरातल्या होस्टेलवर चालली असेल तर अल्बम. तिथं वॉर्डात चढेपर्यंत घड्याळ डबीतच राहील. लांबच्या केंद्रावर एकटी चालली असेल तर घड्याळच, आणि पैसे उरले तर चाळीसऐवजी दहा फोटो.

डबी उघडल्यावर ती आधी म्हणाली, "काहून व, एवढा खर्च कायले केला?" मग पिन लावून बघितली, माझं मनगट धरलं आणि मोजायला लागली. ९२ आली. तिनं परत मोजली.