दुकान कोणाच्या नावावर: एकट्याच्या, भागीदारीत की कंपनीच्या?

कराचा हिशोब सी.ए. मांडून देतो, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो. उरतो तो प्रश्न असा की दुकानाचं देणं थकलं तर कोणाच्या घरावर येतं आणि ते देणं करून ठेवण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे. पहिला भाग सगळे विचारतात, पण माझ्या मते निर्णय दुसऱ्या भागावर व्हायला हवा. मी हार्डवेअरचं दुकान काही काळ भागीदारीत चालवलं, मधे प्रायव्हेट लिमिटेडची बरीच चौकशी केली आणि आज एकटाच प्रोप्रायटर आहे.

भागीदारीतून बाहेर पडण्याचं कारण सांगतो. आमचं भागीदारीपत्र व्यवस्थित स्टॅम्पवर केलेलं होतं आणि फर्मची नोंदणीही होती. त्यात कलम होतं की पन्नास हजारांवरच्या खरेदीला दोघांच्या सह्या लागतील. पण घाऊक व्यापाऱ्याचा माणूस ऑर्डरबुक घेऊन यायचा तेव्हा काउंटरवर जो असेल तो ऑर्डर द्यायचा. माझा भागीदार उमद्या स्वभावाचा. स्कीम चांगली दिसली की ‘पाठवून द्या’ म्हणायचा. माल उतरायचा, चलनावर फर्मचा शिक्का बसायचा आणि मला ते बिल आल्यावर कळायचं. त्यात लबाडी कधीच नव्हती. पण दर वेळी मी पन्नास हजारांचं कलम दाखवायचो आणि दर वेळी त्याचा उपयोग शून्य.

कायदाच तसा आहे. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ प्रमाणे प्रत्येक भागीदार धंद्याच्या नेहमीच्या कामात फर्मचा एजंट असतो. दुकानासाठी माल उधारीवर घेणं हे नेहमीचंच काम. आपण आपसात घातलेली मर्यादा कलम २० प्रमाणे बाहेरच्याला तेव्हाच लागू होते, जेव्हा त्याला ती माहीत असते. घाऊक व्यापारी आपलं भागीदारीपत्र वाचायला मागत नाही, त्यामुळे त्याच्या दृष्टीने एका भागीदाराचा शब्द पुरतो. दोन सह्यांचं कलम ठेवायचंच असेल तर ते प्रत्येक पुरवठादाराला लेखी कळवून पोच घ्यावी लागते. ते कागदावर सोपं वाटतं, पण नवा पुरवठादार आला की पुन्हा तेच.

आता कलम २५. फर्मच्या देण्याला सगळे भागीदार एकत्रितपणे जबाबदार आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणेही जबाबदार. समजा सहा लाखांची उधारी थकली, दुकानातला माल आणि बाकीची येणी मिळून दोन लाख वसूल झाले. उरलेले चार लाख ‘तुझे दोन, माझे दोन’ असे आपोआप विभागत नाहीत. व्यापारी सगळे चार लाख एकाकडूनच मागू शकतो, आणि ज्याच्या नावावर फ्लॅट आहे त्याच्याकडेच तो आधी वळणार. त्याने पैसे भरले की भागीदाराकडून त्याचा वाटा वसूल करायचा हक्क मिळतो, पण भागीदाराकडे काही नसेल तर तो हक्क फाइलमध्ये राहतो. बाहेर पडतानाही सूचना राजपत्रात आणि स्थानिक भाषेच्या वर्तमानपत्रात छापून निबंधकाला कळवावी लागते. ती न दिल्यास मागे राहिलेल्याने केलेली नवी उधारीही अंगावर येऊ शकते.

ज्यांची फर्म नोंदलेलीच नाही त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. करारातून आलेली शंभर रुपयांवरची उधारी वसूल करायला अशा फर्मला दावा लावता येत नाही. तिच्यावर दावा मात्र लागतो. दावा लावल्यावर मग नोंदणी केली तर तो दावा वाचत नाही, नव्याने लावावा लागतो.

या सगळ्याला कंपनी हे सरळ उत्तर दिसतं, आणि बऱ्याच अंशी आहेही. दुसऱ्या डायरेक्टरने जास्तीचा माल मागवला तरी देणं कंपनीचं, भागधारकाचं नुकसान त्याने घातलेल्या भांडवलापुरतं. मला हे पटलं होतं. मग मी बँकेत कॅश क्रेडिटची चौकशी केली. कर्ज कंपनीच्या नावावर मिळेल, पण दोन्ही डायरेक्टरांनी वैयक्तिक हमी द्यायची, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. भारतीय करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी, करारात वेगळं काही नसेल तर, मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे छोट्या दुकानाचं सगळ्यात मोठं देणं, बँकेचं, घूमफिरके माझ्या घरावरच येत होतं. पुरवठादार, जागेचं भाडं, दुकानात कोणाला इजा झाली तर त्याची भरपाई, एवढ्यापुरतं कंपनीचं कवच खरं उरत होतं. ते कमी नाही, पण मी ज्यासाठी गेलो होतो त्याच्या अर्धंच.

त्या अर्ध्याची किंमतही आहे. उलाढाल कितीही लहान असो, कंपनीचं ऑडिट सक्तीचं. ताळेबंद आणि वार्षिक विवरण दरवर्षी भरायचं. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये. दोन्ही फॉर्म १८० दिवस राहिले तर छत्तीस हजार, नेहमीची फी वेगळी. सलग तीन वर्षं भरलं नाही तर डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र. शिवाय गल्ला कंपनीचा होतो. घरखर्चाला त्यातून पैसे काढले तर ते पगार आहे, तुम्ही दिलेल्या कर्जाची परतफेड आहे की आणखी काही, हे लिहावं लागतं, आणि डायरेक्टरला कंपनीने उसने देण्यावर कायद्याने कडक बंधनं आहेत. संध्याकाळी गल्ल्यातूनच भाजीला पैसे नेणाऱ्या माणसाला हे जड जातं.

म्हणून माझा कल प्रोप्रायटरशिपकडे आहे. जबाबदारी अमर्याद आहे, हे खरं. दुकान आणि मी कायद्याने एकच. पण माझ्या सहीशिवाय माझ्यावर कर्ज चढत नाही, आणि नोकराला खरेदीची मुभा किती द्यायची हे मी पुरवठादाराला एकदाच सांगून ठेवतो. दुकानाच्या विम्यात आगीबरोबर ग्राहकाला होणाऱ्या इजेची जबाबदारीही घेतली आहे. कंपनीच्या कवचातला माझ्या कामाचा मोठा भाग मला तिथे मिळाला.

याची दुबळी बाजू मृत्यूनंतर दिसते. प्रोप्रायटर गेला की परवाने आणि बँक खातं वारसांना नव्याने उभं करावं लागतं. कंपनी मात्र चालू राहते, फक्त शेअर वारसांकडे जातात. दोनच भागीदारांची फर्म तर एक गेला की संपतेच, भागीदारीपत्रात ‘फर्म चालू राहील’ असं लिहिलेलं असलं तरी, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. वारसांची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. मी मृत्युपत्र केलंय, खात्याला नॉमिनी लावलाय.

दोघांचं भांडवल खरोखर निम्मं निम्मं असेल आणि दोघेही काउंटरवर बसणार असतील, तर मी भागीदारीपेक्षा कंपनीच सुचवेन, ऑडिटचा खर्च धरूनही. फक्त बँकेच्या हमीपत्रात रकमेची मर्यादा लिहून घ्या आणि ती चालू हमी, म्हणजे एका कर्जापुरती नसून पुढच्या व्यवहारांनाही लागू राहणारी हमी असेल, तर पुढच्या व्यवहारांसाठी नोटीस देऊन ती मागे घेता येते का, हे सही करण्याआधी तपासा. आणि जागा भाड्याची असेल तर नाव बदलण्याआधी घरमालकाची लेखी संमती घ्या. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती असल्यामुळे तुमच्या नावावरची जागा तिने वापरायला सुरुवात केली की पोटभाडेकरू ठेवल्याचा आरोप येऊ शकतो, आणि त्यावरून जागा खाली करण्याचा दावाही लागू शकतो.