एएमसीचा एका पानाचा सारांश: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

भोसरीत आमचं छोटं जॉबवर्कचं शॉप आहे. धातूचे भाग कापणाऱ्या दोन व्हीएमसी मशीनची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, मशीन कंपनीच्या सर्व्हिस एजन्सीकडे आहे. करार सतरा पानी, आणि तो फायलीतच पडून असायचा. नूतनीकरणाच्या वेळी आमच्या प्रॉडक्शन इनचार्जने त्याचा एका पानाचा मराठी सारांश केला आणि लॅमिनेट करून पॅनलशेजारी लावला. आता वर्ष होत आलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

या पानावर मला सगळ्यात मोलाचं काय वाटतं, तर घड्याळ कधी सुरू होतं आणि कधी थांबतं, हे त्यात लिहिलंय. नुसतं ‘रिस्पॉन्स ८ तास’ असं लिहिलं असतं, तर त्याचा काडीचा उपयोग झाला नसता. करारातले ८ तास म्हणजे कामाचे तास, सकाळी ९ ते संध्याकाळी ६, रविवार सोडून. तेही तक्रार मेलवर गेल्यापासून धरायचे. इंजिनिअरला फोन केला तर तो मोजणीत येत नाही. शिवाय रिस्पॉन्स म्हणजे माणूस दारात येणं. मशीन चालू करून देण्याची मुदत वेगळी, २४ कामाचे तास. सारांशात या दोन मुदती वेगवेगळ्या ओळींवर आहेत, आणि प्रत्येक ओळीसमोर मूळ कराराचं कलम आणि पान दिलेलं आहे.

याचा कस पावसाळ्यात लागला. शनिवारी दुपारी ४ वाजता आपोआप टूल बदलणाऱ्या एटीसीचा आर्म मध्येच अडकला. ऑपरेटरने पान बघून लगेच मेल टाकला. शनिवारचे २ तास, सोमवारचे ६, म्हणजे सोमवारी ३ वाजेपर्यंत माणूस यायला हवा होता. तो दीडला आला, तिथे तक्रार नाही. आर्मची जागा ओळखणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर गेलेला निघाला. इंजिनिअर म्हणाला, “साहेब, इलेक्ट्रॉनिक पार्ट एएमसीत येत नाहीत, कोटेशन पाठवतो.” इनचार्जने पानावरची ओळ दाखवली: वगळलेले भाग म्हणजे स्पिंडल, बॉलस्क्रू, सर्वो मोटर, ड्राइव्ह आणि कार्ड. सेन्सर आणि लिमिट स्विच परिशिष्टात ‘समाविष्ट’ यादीत नावानिशी होते. इंजिनिअरने ऑफिसला फोन लावला आणि विषय संपला.

हा वाद फक्त सेन्सरच्या किमतीचा नव्हता. वगळलेला भाग लागला की आपण कोटेशन मंजूर करून भाग येईपर्यंत घड्याळ थांबतं, अशी करारात अट आहे. म्हणजे एखादा भाग कोणत्या यादीत बसतो, यावर उशिराबद्दल एजन्सीला दंड लागणार की नाही हेही ठरतं. दोन वेगळ्या पानांवरची कलमं सारांशात एकाखाली एक आली, म्हणून हे आमच्या लक्षात आलं.

सेन्सर गुरुवारी आला. आमच्याकडे गुरुवारी सुट्टी, पण मोजणी त्यांच्या कॅलेंडरने होते, त्यामुळे तोही दिवस धरला गेला. २४ तास बुधवारी दुपारी १ ला संपले होते आणि मशीन शुक्रवारी १ ला सुरू झालं. उशीर १८ तास, म्हणजे त्यांचे दोन पूर्ण दिवस. दंड दिवसाला वार्षिक रकमेच्या अर्धा टक्का, तोही जीएसटी सोडून. एका मशीनच्या ६०,००० रुपयांवर दिवसाला ३००, दोन दिवसांचे ६००. पुढच्या बिलातून ते वजा झाले.

आता या ६०० रुपयांचं काय करायचं? आमचा अवर रेट ४५० आहे, दोन पाळ्यांचे १६ तास धरले तर मशीन एक दिवस बंद म्हणजे ७,२०० रुपयांचं काम बुडालं. दंडाची कमाल मर्यादा वार्षिक रकमेच्या ५ टक्के, म्हणजे ३,०००. वर्षभराचा सगळा दंड मिळाला तरी अर्ध्या दिवसाचंही नुकसान भरून येत नाही. सारांशात ही मर्यादा ठळक लिहिलेली आहे हे फार बरं, कारण दंडाच्या भरवशावर कोणी डिलिव्हरीची तारीख देऊ नये.

एक उणीव मात्र जाणवली. ‘ब्रेकडाउन’ची व्याख्या पानावर नव्हती. करारानुसार मशीन पूर्ण थांबलं तरच ब्रेकडाउन. नंतर एकदा एटीसी बंद होता, पण टूल हाताने बदलून काम चालू ठेवता येत होतं. एजन्सीने ती साधी तक्रार धरली आणि २४ तासांची मुदत लागूच झाली नाही. आता ती व्याख्या पानावर सगळ्यात वर आहे, आणि मेलमध्ये ‘मशीन पूर्ण बंद’ की ‘अंशतः चालू’ हे पहिल्या ओळीत लिहायचं, अशी सूचनाही.

यंदाच्या नूतनीकरणात आम्ही दर कमी करा असं म्हटलंच नाही. एटीसी बंद असेल तर तो ब्रेकडाउन धरावा आणि आर्मचा सेन्सर त्यांच्या पुण्याच्या स्टॉकमध्ये कायम असावा, एवढ्या दोनच अटी ठेवल्या. सेन्सरची लगेच मान्य झाली. एटीसीच्या अटीवर ३६ तासांची वेगळी मुदत मिळाली, आणि तीही पानावर चढली आहे.