लेप्टोचं चित्र फॉरवर्ड झालं, पण गोळी घेतली का? मोजायच्या दोन पद्धती

तुमची संस्था या पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसबद्दल व्हॉट्सॲपवर चित्रं पाठवणार असेल, तर लाइक आणि व्ह्यूज बाजूला ठेवा. चित्र पुढे किती जणांकडे गेलं हे पाठवणाऱ्याला कळतच नाही, आणि पाहणारा माणूस पाण्यातून चालला होता का, हे तर त्याहून नाही. लेप्टोच्या रुग्णांचा आकडाही आपल्या कामाचा नाही. तो पावसावर हलतो, आणि लक्षणं दिसायलाच बहुतेकदा पाच ते चौदा दिवस लागतात.

मोजायची गोष्ट एकच. मुंबई पालिका दर पावसाळ्यात सांगते की तुंबलेल्या पाण्यातून चाललात तर 72 तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्या. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या मुतातले जंतू पायावरच्या साध्या खरचटण्यातूनही आत जातात. औषध सहसा डॉक्सीसायक्लिन. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालचं मूल असेल तर वेगळं. म्हणून चित्रावर गोळीचा डोस छापू नका, ‘72 तासांत दवाखाना’ एवढंच छापा. मग लोक वेळेत आले का, हे शोधायला दोन पद्धती उरतात: फोन करून विचारणं, किंवा दवाखान्यातच खूण करणं.

फोन स्वस्त पडतो. दोन स्वयंसेवक चार संध्याकाळी बसले तर दीडशे-दोनशे लोकांशी बोलणं होतं. पण ‘गोळी घेतलीत का?’ असं थेट विचारलं की समोरचा ‘हो’ म्हणतो. संस्थेच्या ताईंना नाही कोण म्हणणार? म्हणून आधी ‘परवाच्या पावसात घरी कसे पोहोचलात?’ असं विचारावं, मग ‘नंतर काही केलंत का?’ गोळीचं नाव आपण काढायचं नाही. त्यांनी काढलं तर कुठून घेतली, कोणत्या दिवशी, हे विचारायचं. पाणी ओसरल्यावर आठवड्याभरात फोन झाला पाहिजे, नंतर दिवस आठवत नाहीत. एक खोट मात्र राहतेच: आपल्याकडे नंबर असतात ते आपल्याच ग्रुपमधल्यांचे, म्हणजे आधीच कानावर घेणाऱ्यांचे.

दवाखान्यातली खूण जास्त खरी, पण जास्त कटकटीची. क्यूआर कोडच्या नादी लागू नका. चित्र ज्या फोनवर येतं तोच फोन घेऊन माणूस येतो, तो स्कॅन कशाने करणार? त्यापेक्षा एका वस्तीत पिवळ्या गमबुटाचं चित्र पाठवा, दुसरीत निळ्या छत्रीचं. केसपेपर काढताना दोनच प्रश्न: पाण्यातून कधी चाललात, आणि गमबूट पाहिला की छत्री, की काहीच नाही? कागदावर फक्त रेघ मारायची, नाव नाही. यासाठी वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांची परवानगी पावसाआधी घ्यावी लागते.

आता हिशेब. किती लोक आले ते मोजू नका, कारण जास्त पाऊस पडला की चित्राशिवायही गर्दी वाढते. आलेल्यांपैकी किती 72 तासांच्या आत आले, ते मोजा. समजा, कुर्ल्यातल्या दोन शेजारच्या, सारख्याच तुंबणाऱ्या वस्त्या घेतल्या. जूनमधल्या पहिल्या तुंबण्यानंतर दोन्हीकडे आलेल्यांपैकी साधारण 40 टक्के वेळेत आले. मग गमबुटाचं चित्र पहिल्या वस्तीत पाठवलं, दुसरीत छत्रीचं अजून पाठवलं नाही. पुढच्या तुंबण्यानंतर पहिलीकडे 60 पैकी 39, म्हणजे 65 टक्के. दुसरीकडे 50 पैकी 24, म्हणजे 48 टक्के. दुसरीत चित्राशिवायच आठ टक्क्यांची वाढ झाली, बातम्यांमुळे, पालिकेच्या घोषणांमुळे. ती पहिलीच्या 25 मधून वजा केली की चित्राच्या वाट्याला येते 17. दुसऱ्या वस्तीत बरेच जण ‘गमबूट पाहिला’ म्हणू लागले, तर चित्र तिकडेही पोहोचलंय आणि ही वजाबाकी फसवी झाली. आणि इतक्या कमी माणसांवर एका तुंबण्यावरून निकाल देऊ नका, दोन-तीन तरी होऊ द्या.

कागद नीट भरला जातोय का, हे पाहायला भरलेले कागद चाळा. एकाच पेनाने, एकाच ओळीत, पाच-पाचच्या सुबक जुड्या दिसल्या, तर त्या दिवसअखेर अंदाजाने भरल्या आहेत. गर्दीच्या दिवशी हे होतंच; कर्मचाऱ्यावर चिडण्याऐवजी आपला स्वयंसेवक खिडकीशी उभा करा. खासगी डॉक्टरकडे गेलेले लोक मात्र या मोजणीतून सुटतात, आणि मुंबईत ते थोडे नाहीत.

दवाखाना तयार असेल आणि दोन सारख्या वस्त्या मिळत असतील, तर मी खुणेची पद्धत घेईन. सोबत चाळीस-पन्नास फोन करेन, तेही जे दवाखान्यात दिसले नाहीत ते कुठे गेले एवढंच कळायला. परवानगी मेच्या अखेरीपर्यंत आली नाही तर फक्त फोन, पण मग नंबर ग्रुपमधून घेऊ नका. तुंबलेल्या गल्लीत दर पाचव्या घरी जाऊन मागून घ्या.